लाल पेन्सिलीतून निसटलेलं वाक्य

ये, अशी जवळ ये बघू. लांबूनच हात जोडून पळणाऱ्यांतली झालीस तू. पोस्टकार्डावर चार ओळी खरडतेस, त्यातल्या दोन 'प्रकृतीस जपावे' आणि 'थोरांस नमस्कार', आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात विचारतेस, "आजी, तुमच्या त्या नर्सबाई मैत्रिणीचं दवाखान्यात नेमकं काय झालं होतं?" असलं कोपऱ्यात विचारतात व्हय गं? दुसऱ्याच्या तोंडून अर्धंमुर्धं ऐकलंस, म्हणून आता सगळं लिहिते. एका बैठकीत वाचायचं. मधे चहा ठेवायला उठायचं नाही.

सोलापुरात गिरण्यांच्या बाजूला बायकांचा एक दवाखाना होता. आठ खाटा, एक बाळंतपणाची खोली, मागे पाण्याचा हौद. शहरातल्या चार शिकलेल्या बायका आणि दोन पुरुष मिळून त्याची कमिटी होती. मी तिथे कोठी सांभाळायचे. चादरी, दुपटी, कापूस, फिनेल, सगळं माझ्या कुलपात. शाळेत मी एक दिवस गेले नाही. भावाच्या पाटीवरून अक्षरं उचलली, मग पंचांग, मग औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठ्या, मग मिळेल ते. त्यामुळे मला वाचता यायचं आणि वाचता येतं याचा थोडा तोराही होता. तो तोरा पुढे कुठे गेला ते सांगतेच.

माझी मैत्रीण तिथली नर्स. तेलुगू विणकरांच्या घरातली. घरात हातमाग, वडील दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले. विसाव्या वर्षी नवरा गेला, पदरात एक मुलगी. सासरच्यांनी तिला विड्या वळायला बसवलं. कमिटीतल्या एका बाईंनी तिला तिथून उचललं, नर्सिंगला पाठवलं, आणि ती सर्टिफिकिट घेऊन आली तेव्हा सासरची माणसं गल्लीत तिला वाट द्यायला लागली. हे तुला कळायला हवं, म्हणजे पुढचं कळेल. ती जागा गेली की पुन्हा तेच सूप मांडीवर, तीच तेंदूची पानं, आणि मुलगीही शेजारी त्याच कामाला.

मराठी ती मोठेपणी शिकली. बोलायची भरभर, पण तेलुगूच्या चालीवर. ती मला अक्का म्हणायची. "अक्का, मी भात खाल्ली, मी लुगडं धुतली, आता चल की." आम्ही हसायचो, तीही हसायची. नोंदवहीतही ती तसंच लिहायची, कोणी काही म्हणत नसे.

एके दिवशी सकाळी गिरणीतल्या एका कामगाराची बायको आली. तिसरं बाळंतपण. सासू बरोबर, नवरा बाहेर ओट्यावर. मूल झालं, चांगलं होतं, रडलंही. आणि मग बाईला रक्त जायला लागलं ते थांबेना. माझी मैत्रीण धावत बाहेर आली, चिठ्ठी लिहिली, नवऱ्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "टांगा घे, डॉक्टरीणबाईंना आण." मी तेव्हा कोठीत चादरी मोजत होते. तिने ओरडून कापूस मागितला, मी दिला, इतकंच मला ठाऊक. घड्याळ मी पाहिलं नाही. आजवर त्याचं मला वाईट वाटतं.

दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई बोलावलं की घरून यायच्या, पण त्या दिवशी घरी नव्हत्या, दुसऱ्या पेठेत एका रोग्याकडे गेल्या होत्या. नवरा बिचारा इकडून तिकडे शोधत हिंडला. त्या आल्या तेव्हा दुपार टळायला लागली होती आणि बाई गेली होती.

त्याने नंतर कमिटीकडे तक्रार केली. त्याचं दुःख खोटं नव्हतं. तो म्हणाला, "नर्सबाईनं चिठ्ठी बाराच्या भोंग्यानंतर दिली. आधी दिली असती तर माझं माणूस वाचलं असतं." माझी मैत्रीण म्हणाली, "साडेदहा." सासूला घड्याळ कळत नव्हतं, चिठ्ठीवर वेळ घातलेली नव्हती, आणि नोंदवहीत वेळेचा रकाना कोरा होता. हाताला कोपरापर्यंत रक्त असताना कोण रकाने भरत बसतं, सांग बरं?

कमिटीने तिच्याकडून अहवाल मागवला. स्वतःच्या हाताने लिहायचा, घडलं तसं, तीन दिवसांत. तो पुढे म्युनिसिपालिटीच्या आरोग्य खात्याच्या साहेबांकडे जायचा होता. तिने त्याच दिवशी चार पानं लिहून चिटणीसबाईंकडे दिली. चिटणीसबाई म्हणजे कमिटीचा सगळा पत्रव्यवहार बघणाऱ्या, स्वच्छ पांढरं लुगडं, कानामागे लाल पेन्सिल. दुसऱ्या दिवशी सकाळी पानं परत. पानभर लाल रेघा, आणि खाली: 'भाषा दुरुस्त करून, स्वच्छ लिहून द्यावे.'

ती पानं घेऊन माझ्या घरी आली. चेहरा कापसासारखा. "अक्का, उद्या दुपारपर्यंत पाहिजे म्हणतात. मला काय चुकलं तेच कळंना. सगळं खरं लिहिली की मी."

मी पानं वाचली. खरंच सगळं होतं. 'मी पाणी उकळली.' 'मी हात धुतली.' 'बाई काढा घेतली.' 'सासू तिला धरली.' 'आम्ही दोघी तिला उचलल्या.' क्रियापदाच्या एकेका शेपटीखाली लाल रेघ.

"बस इथं," मी म्हटलं. "हे होतंय बघ आत्ता."

पाटी घेतली. व्याकरणाचं पुस्तक मी उघडलेलं नव्हतं, कानात होतं तेवढंच. तिला म्हटलं, "हे बघ. 'बाई काढा घेतली' असं नाही. झालेल्या कामात, करणाराला आधी 'ने' लाव. बाईने. आणि 'ने' लागला की क्रियापदाने बाईकडे बघायचं सोडायचं. बाईने काय घेतला? काढा. तो काढा. म्हणून घेतला."

"घेतली ती बाई," ती म्हणाली. "काढा काय करतो? भांड्यात बसतो."

"बसू दे. मान त्याचाच."

"हा कुठला न्याय, अक्का? उकळली मी, चटके मला, आणि मान पाण्याचा?"

तशा अवस्थेतही मला हसू आलं. तिला नाही आलं. ती पाटीवर लिहीत होती, पुसत होती. 'मी पाणी उकळले.' मी सांगितलं, "'मी'ला ने दिसत नाही, पण आत असल्यासारखाच आहे, तिथंही पाण्याकडेच बघायचं. ते पाणी, उकळले." मग तिने आपणहून लिहिलं, 'मी हात धुतले.' आणि विचारलं, "हेबी पाण्यासारखं?" म्हटलं, "नाही गं. ते पाणी एक आहे म्हणून उकळले, आणि ते हात दोन आहेत म्हणून धुतले. दिसायला सारखं." तिने कपाळ पाटीवर टेकवलं.

मग 'सासू तिला धरली.' ते मी केलं 'सासूने तिला धरले.' ती लगेच म्हणाली, "धरली कुणाला? तिला. ती बाई. मग धरली पाहिजे तुझ्या हिशेबानं!" इथे मी क्षणभर अडकले. कानाला विचारलं. "'ला' लागला की तीही बाजूला. मग क्रियापद कुणाचंच नाही, मोकळं, धरले. तसंच 'आम्ही दोघींनी तिला उचलले.'"

एका ठिकाणी मात्र मीच घसरत होते. तिने लिहिलं होतं, 'ती दोन घोट पाणी प्याली.' मी सवयीने 'ने' लावायला पेन्सिल टेकवली आणि थांबले. वाचून पाहिलं. तिचंच बरोबर होतं. म्हटलं, "हे राहू दे. प्याली, बोलली, विसरली, असल्यांना ने नको."

"का?"

"मला नाही माहीत. नको एवढं खरं."

तिने माझ्याकडे असं बघितलं, की आयुष्यात पहिल्यांदा तिला माझा राग आलेला मी पाहिला. "अक्का," ती हळू म्हणाली, "बाई गेली. मी तिचं पोट दाबून धरली होती, शेवटपर्यंत. आणि मी इथं शेपट्या लावत बसलीये."

मी तिचा हात धरला. शेजारच्या खोलीत तिची मुलगी गुणगुणत बाहुलीला दुपटं गुंडाळत होती, ते आम्ही दोघींनी ऐकलं आणि पुन्हा कामाला लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत स्वच्छ चार पानं तयार झाली. तिच्याच हाताने लिहिलेली. एक शब्द मी घातला नाही, एक काढला नाही. फक्त 'ने' आणि शेपट्या. ती ते घेऊन गेली. आणि मी, मूर्ख बाई, ती लाल रेघांची जुनी पानं उचलून न्हाणीतल्या बंबात घातली. का, तर बाळंतपणात गेलेल्या बाईचं नाव असलेला कागद घरात ठेवायचा नाही, असं आई सांगायची. घरात तिची लहान मुलगी येते-जाते, म्हणून मला भीती वाटली. कागद भुरकन जळला. पाणी नेहमीसारखंच तापलं.

दोन दिवसांनी कमिटी बसली. बाळंतपणाच्या खोलीशेजारची खोली, एक लांब टेबल. मला बोलावलं नव्हतं, मी चादरींचा गठ्ठा घेऊन दाराबाहेर उभी राहिले. आत चिटणीसबाई, डॉक्टरीणबाई, आणि कमिटीतले एक वकीलसाहेब. माझी मैत्रीण समोर उभी.

वकीलसाहेबांच्या एका हातात अहवाल, दुसऱ्या हाताखाली तिची नोंदवही. "नर्सबाई, हा अहवाल तुम्ही लिहिलात?"

"होय साहेब. मी लिहिली."

"मी लिहिली," त्यांनी तेच शब्द हळू परत म्हटले. "नोंदवहीच्या प्रत्येक पानावर तुमची मराठी अशीच आहे. 'मी दूध पाजली.' 'मी दुपटं बदलली.' आणि इथं बघा. 'आम्ही दोघींनी तिला उचलले.' एकही चूक नाही. ही भाषा तुमची नाही, बाई. कुणीतरी लिहून दिलंय. ज्याने भाषा दिली त्याने वेळही दिली नसेल कशावरून?"

तिचे हात पदराच्या आत होते. मी गठ्ठा ओट्यावर टाकला आणि आत शिरले.

"मी दुरुस्त केलं, साहेब. माझ्याच घरी. फक्त शेपट्या. घडलेलं सगळं तिचं."

"तुम्ही कोण?"

"कोठी बघते मी."

"मग पहिली पानं दाखवा. एका मिनिटात कळेल."

"नाहीत."

"कुठे गेली?"

काय सांगायचं? सांगितलं. "बंबात घातली." आणि का घातली तेही सांगितलं. वकीलसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते हसले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "एका मृत्यूचा पुरावा तुम्ही पाणी तापवायला वापरलात." मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं नाही, एकदाही नाही. तिला तोपर्यंत मी सांगितलंच नव्हतं की पानं जाळली.

मग मला आठवलं. मी चिटणीसबाईंकडे वळले. "बाई, तुम्ही वाचलंत की ते! पहिलं. तुमच्याच पेन्सिलीच्या रेघा होत्या."

चिटणीसबाईंचा चेहरा लाल झाला. "वाचलं," त्या म्हणाल्या.

"मग त्यात चिठ्ठीची वेळ काय होती?" वकीलसाहेब.

त्यांनी कानामागची पेन्सिल काढून हातात फिरवली. खोलीत पलीकडच्या कुठल्याशा बाळाचं रडणं येत होतं. मग त्या म्हणाल्या, आणि त्यांच्याबद्दल मला जो आदर आहे तो त्या क्षणापासून आहे, त्या म्हणाल्या, "मी फक्त चुका बघत गेले. काय घडलं ते मी वाचलं नाही."

मग चिटणीसबाईच म्हणाल्या, "पण चुका मला आठवतात. तिला तोंडी सांगू द्या. तिच्या भाषेत. मी अहवाल हातात धरते."

मला बाहेर जायला सांगितलं. मी दाराशीच उभी राहिले. माझ्या मैत्रिणीने सुरुवात केली. "बाई आली. मी पाणी उकळली. मी हात धुतली. बाई काढा घेतली. मूल झालं. रडलं."

"'पाणी उकळली'. रेघ होती," चिटणीसबाई म्हणाल्या. "'हात धुतली'. रेघ होती. 'काढा घेतली'. होती."

"रक्त आलं. मी दाबून धरली. सासू तिला धरली."

"होती. याच्याखाली मी दोनदा मारली होती."

"ती दोन घोट पाणी प्याली."

"नव्हती. ते बरोबर होतं."

मी दाराची चौकट धरून उभी होते आणि माझ्या मनात एकच धावत होतं: आता येईल, आता वेळ येईल. प्रत्येक वाक्य जुळत होतं. एकही सुटत नव्हतं. मला वाटलं, सुटलो. देवा, सुटलो.

"साडेदहा वाजता मी चिठ्ठी लिहिली. चिठ्ठी नवऱ्याला दिली."

चिटणीसबाई बोलल्या नाहीत.

"बाई?" वकीलसाहेब.

"हे वाक्य..." त्या थांबल्या. "चिठ्ठी ती. लिहिली, दिली. यात चूकच नाही. यावर रेघ नव्हती."

"म्हणजे ते वाक्य पहिल्या अहवालात होतं की नव्हतं?"

"रेघ नव्हती, म्हणून मला आठवत नाही."

माझी मैत्रीण मराठीत सगळीकडे चुकली होती, आणि नेमकी तिथे चुकली नाही. म्हणून ते वाक्य कुणाच्याही नजरेत अडकलं नाही. तिला ते कळलं. तिने एकदाच म्हटलं, "मी अजून चुकली असती तर बरं झालं असतं का, बाई?"

आता डॉक्टरीणबाई पुढे सरकल्या. त्या म्हणाल्या, "मागची आणि पुढची सगळी वाक्यं जशीच्या तशी आहेत. मधलं एकच कुणी बदललं असं मला वाटत नाही. आणि साडेदहाला बोलावलं असतं तरी मी घरी नव्हते, हेही लिहा." वकीलसाहेब म्हणाले, "वाटणं वेगळं, खात्री वेगळी." बराच वाद झाला. मला आतलं सगळं ऐकू आलं नाही, ऐकावंसंही वाटेना.

शेवटी म्युनिसिपालिटीला गेलेल्या कागदावर कमिटीने खाली लिहिलं: 'चिठ्ठी पाठविल्याच्या वेळेबद्दल खात्री करता आली नाही.' हे वाक्य मी नंतर वाचलं. शुद्ध होतं. एकही चूक नव्हती. सर्टिफिकिट राहिलं, नोकरी राहिली, पण यापुढे तिने एकटीने बाळंतपण करायचं नाही, डॉक्टरीणबाई हजर असतील तरच खोलीत जायचं. एरवी खाटा, औषधं, लंगोट. ज्या खोलीने तिला विड्यांच्या सुपातून वर काढलं, तिच्या दाराबाहेर ती उभी राहायला लागली. आत बाई ओरडत असायची आणि ती बाहेर हात घट्ट बांधून. किती महिने असं चाललं ते मी मोजलं नाही. डॉक्टरीणबाईंनी हळूहळू एकेका वेळी तिला आत घेतलं, शेवटी कुणी विचारेनासं झालं. पण पहिल्यासारखी ती झाली नाही.

मी तिची माफी मागितली. हौदाजवळ, दोघी दुपटी पिळत होतो तेव्हा. म्हटलं, "मी पानं जाळायला नको होती." ती म्हणाली, "तू माझ्या पोरीसाठी जाळलीस." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण मला विचारली असतीस तर बरं होतं, अक्का." विचारलं असतं तर बरं होतं, हे खरंच होतं.

पुन्हा तिने मला काही दुरुस्त करायला दिलं नाही. नोंदवही लिहायची, तशीच, 'मी इंजेक्शन दिली', 'मी खाट पुसली', 'मी दूध पाजली', कधी बरोबर कधी चूक. वेळ मात्र प्रत्येक ओळीआधी लिहायची, हात ओले असले तरी. काही पानांवर आकड्यांजवळ पाण्याचे डाग आहेत. कोठीच्या कामासाठी ती वही माझ्यासमोर यायची, माझी बोटं वळवळायची, आणि मी हात मांडीखाली दाबून बसायचे. चिटणीसबाईंनीही पुढे तिच्या वहीवर पेन्सिल टेकवली नाही. त्या आता आधी सगळं वाचायच्या, शेवटपर्यंत, मगच पेन्सिल कानामागून काढायच्या. एकदा मला म्हणाल्या, "वाचताना घाई केली त्या दिवशी." एवढंच. त्याही पुष्कळ वर्षं ते ओझं वाहत होत्या, हे मला त्यावरून कळलं.

तू विचारलंस म्हणून लिहिलं. लोक तुला सांगतात की तिने उशीर केला. मी तिथे होते आणि घड्याळ पाहिलं नाही, तरी मी सांगते, तिने उशीर केला नाही. जी बाई स्वतःला वाचवायलासुद्धा माझ्यावर ढकलून मोकळी झाली नाही, ती खोटं लिहिणारी नव्हे.

आता हात दुखायला लागला. उरलेलं तोंडी सांगेन. उन्हाळा चढायच्या आत ये एकदा, दोन दिवस सुट्टी काढून. स्टेशनवर माणूस कधी पाठवू ते आधी कळव, पण नुसत्या चार ओळींवर भागवू नकोस. तूच ये.